आईच्या लोकलसाठी पाठवलेलं पार्सल

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आई, आधी एक कबूल करते. दिवाळीत आले होते तेव्हा तुझी ती जांभळी छत्री मीच काढून टाकली. तू महिनाभर शोधत होतीस आणि बाबांना विचारत होतीस, हे मला फोनवर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण तिच्या दोन काड्या तू सुतळीने बांधल्या होत्यास, आणि एकीचं टोक कापडातून बाहेर आलेलं होतं. लेडीज डब्यात चढताना ते कुणाच्या डोळ्याला लागलं असतं, नाहीतर तुझ्याच.

दुसरं म्हणजे, नोकरी सोड असं मी आता पुन्हा म्हणणार नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि ते तुला पूर्ण करायचंय, हे मला पटलंय. मी इथे बंगळुरूत बसून तुझ्या वतीने गर्दीत उभी राहू शकत नाही, म्हणून निदान तुझ्या हातात काय असावं एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे. पार्सल परवापर्यंत पोचेल. बाबा, घरी थांबा त्या दिवशी.

छत्री निवडायला मला तीन शनिवार लागले. जांभळी होती तीन घड्यांची. तिची प्रत्येक काडी तीन तुकड्यांची, म्हणजे काडीला दोन सांधे, आणि आठ काड्यांचे मिळून सोळा. डोंबिवलीच्या पुलावर वारा आडवा येतो तेव्हा काडी मधे मोडत नाही, सांध्यापाशी पिना सुटतात. तुझी तशीच मोडली होती ना? म्हणून या वेळी दोन घड्यांची घेतली आहे. सांधे निम्मे. मिटल्यावर थोडी लांब राहते, पण तुझ्या बॅगेत तिरकी मावते, मी मापून पाहिलं आहे. काड्या फायबरच्या आहेत. दुकानात उघडून एका काडीचं टोक बोटाने वाकवून पाहिलं, ती वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. दुसऱ्या एका स्वस्त छत्रीची पत्र्याची काडी वाकली ती तशीच राहिली. मग मूठ धरून छत्री हलवून बघितली, दांडा खुळखुळत नव्हता. बाबा, तुम्ही वांगी दाबून बघता तशी बघितली.

बटणाची मुद्दाम घेतली नाही. तुला बटणाची हवी होती, माहीत आहे. पण पूर्ण ऑटोमॅटिक छत्री मिटवताना दांडा आत दाबायला चांगलाच जोर लागतो, आणि तुझं उजवं मनगट अजून दुखतंय. शिवाय गर्दीत बॅग दाबली जाऊन बटण आतल्या आत दाबलं गेलं तर छत्री बॅगेतच उघडू बघते. हाताने उघडायला दोन सेकंद जास्त लागतील, पण पुलाच्या जिन्याखाली थांबून उघड. चालता चालता नको.

वाऱ्याने छत्री उलटी झाली तर कापड ओढू नकोस. वाऱ्याकडे पाठ कर आणि दांड्यावरची सरकणारी कडी खाली ओढ, म्हणजे ती मिटताना आपोआप सरळ होते. सोबत कापडी खोळ आहे, आतून पाणी शोषणारी. ती फक्त गाडीतल्या तासाभरासाठी. घरी आल्यावर ओली छत्री खोळीत राहिली तर कुबट वास येतो आणि सांध्यांच्या पिना गंजतात. हे काम मी बाबांना देते. गॅलरीत अर्धवट उघडून ठेवायची, कडक उन्हात नाही.

आता बॅग. लहानपणी तू ऑफिसातून आलीस की मी आधी तुझ्या बॅगेत हात घालायचे, कारण तळाशी कधीतरी रावळगावची गोळी सापडायची. तळाशी जे जातं ते हाताला लागत नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. मागच्या वर्षी टीसीसमोर पास सापडेना म्हणून तू डबा, औषधं, चष्मा सगळं बाकावर काढलंस आणि घरी येऊन रडलीस. ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून बॅगेत घालायचा कप्प्यांचा पाऊच पाठवला आहे. आतून पिवळा आहे, अंधारातही वस्तू दिसाव्यात म्हणून. चौदा कप्प्यांचाही मिळत होता, पण कप्पे जास्त असले की कुठल्यात काय ठेवलं तेच आठवत नाही आणि पाऊचचंच वजन वाढतं. याला पाच आहेत. उभ्या गर्दीत एक हात कडीला असतो, म्हणून गाडीत लागणाऱ्या वस्तू एका हाताने न बघता निघाल्या पाहिजेत: पास, चष्मा, रुमाल. त्या वरच्या कप्प्यात. पासाला मी दोरी बांधून ती कप्प्याच्या रिंगेत अडकवली आहे, सोडू नकोस. डबा तळाला, उभाच. बीपीच्या गोळ्या चेनच्या कप्प्यात, आणि ती चेन अंगाच्या बाजूला येईल अशी बॅग धर. बॅग पुढे, छातीवर. खांद्याला मागे लटकवायची नाही.

आणि पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची केली आहे. तुझी जुनी एक लिटरची भरली की नुसतं पाणीच किलोभर व्हायचं. ऑफिसात भरून घे. आई, हे ऐक माझं.

शेवटची डबी छोटी आहे, त्यात कानात घालायचे बोळे आहेत. घरी आलीस की तासभर डोकं धरून बसतेस आणि टीव्ही लावू देत नाहीस, असं बाबा म्हणाले, म्हणून घेतले. फोमचे नाही घेतले, कारण ते आवाज फारच कमी करतात आणि तुला घोषणा आणि "कुठे उतरणार?" हे ऐकू यायला हवं. हे मऊ सिलिकॉनचे, मधे बारीक छिद्र असलेले आहेत. घडघडाट खाली येतो, बोलणं कळतं. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, मग बोळा हलकेच फिरवत आत घाल. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. तसं झालं नाही तर पुन्हा बसव, पण जोर लावू नकोस. दोन बोळ्यांना जोडणारी दोरी मी कापून टाकली, गर्दीत ती कुणाच्या पर्समध्ये अडकून ओढली जाते.

पण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. तुझ्या कानात मळ साठतो, आणि बोळा तो आणखी आत ढकलतो. दुखलं किंवा कान वाहिला तर लगेच बंद. रोज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव. आणि हे फक्त गाडी सुटल्यावर घालायचे, उतरायच्या आधीच्या स्टेशनला काढायचे. फलाटावर कान उघडे हवेत.

२६ जुलैला तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलीस, तेव्हा बाबा आणि मी दारातच बसलो होतो. तुझ्या हातात नुसती मूठ होती, छत्री नव्हती. पाऊस जोरात असेल, गाड्या थांबल्या असतील, तर ऑफिसातच थांब. स्वयंपाक बाबा करतील.

आई, रंग निळा घेतला आहे. जांभळा खूप शोधला, या जातीत मिळाला नाही.

शनिवारी रात्री फोन करीन. बाबा, छत्री वाळली होती का ते तुम्ही सांगायचं.

तुमची,
चिऊ