‘टेलिम’ नावाची गोळी नसते, मॅडम

मॅडम,

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. मिरज-सांगलीच्या ज्या सिस्टर रविवारी सकाळी तुमच्या माडीवर येऊन बसतात, त्यांना कळेलच.

मंगळवारी ओईटीचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेचा निकाल लागला. ब्रिटनला जायचं तर ऐकण्याच्या पेपरात ३५० लागतात. मला ३६० आले. आकडा बघून आधी रडले, मग नाइट ड्यूटीला गेले. पहाटे चारला वॉर्ड शांत झाल्यावर हे लिहायला घेतलंय.

तुमच्याकडे येण्याआधी पाच महिने मी दुसऱ्या एका क्लासला जात होते. तिथे सर पाऊण तासाची अख्खी टेस्ट मोठ्या स्पीकरवर लावून द्यायचे आणि फोनवर बोलायला बाहेर जायचे. परत आले की उत्तरं वाचून दाखवायची, आणि ४२ पैकी किती ते प्रत्येकीनं उभं राहून सांगायचं. माझे १९. पुढच्या आठवड्यात २०. परत १९. कुठे चुकतंय विचारलं तर, “कान उघडे ठेवा, इंग्रजी बातम्या बघा.” ताप मोजायचा, चार्टवर चढवायचा आणि औषध काही द्यायचं नाही, असा तो कारभार. फी मात्र आगाऊ.

तुमच्याकडच्या पहिल्या रविवारी मला वाटलं, इथेही पैसे गेले. पाऊण मिनिटाची क्लिप, आणि तुम्ही दहा मिनिटं बटणच दाबेना. फळ्यावर प्रश्न लिहिलात: पेशंटचा डिस्चार्ज का लांबला? खाली तीन पर्याय. गोळ्या आल्या नाहीत, न्यायला कोणी नाही, रक्ताचा रिपोर्ट. बोलणाऱ्या दोघी नर्स आहेत आणि ड्यूटी बदलतेय, एवढंच सांगितलंत. मग विचारलंत, “तुमच्या वॉर्डात डिस्चार्ज कशानं अडतो?” आम्ही सुटलोच. बिल, इन्शुरन्सची मंजुरी, डॉक्टरांची सही, गावाहून न आलेला मुलगा. त्यातलं इंग्रजीत काय काय ऐकू येईल ते आमच्याकडूनच काढून घेतलंत. पदरचे शब्द घातलेत दोनच.

पहिल्यांदा क्लिप लावली तेव्हा पेनं खाली. प्रश्न एकच: पेशंट आज घरी जातोय की नाही? दुसऱ्यांदा पर्याय निवडायचा. मी ठोकून दिलं, न्यायला कोणी नाही. तुम्ही चूक-बरोबर काही न म्हणता विचारलंत, “कुठला शब्द ऐकून ठरवलंत?” मी म्हटलं, ‘सन’ आणि ‘कार पार्क’. तिसऱ्यांदा लावल्यावर कळलं, मुलगा तर गाडी घेऊन खाली थांबलेला. गोळ्याही आलेल्या. पोटॅशियम कमी आलं म्हणून रात्रभर ठेवायचं होतं. तिन्ही पर्यायांतले शब्द क्लिपमध्ये होतेच, ते तसे मुद्दाम पेरलेले असतात. आणि माझ्या वॉर्डात नेहमी नातेवाइकांवाचून अडतं, म्हणून मी क्लिप सुरू व्हायच्या आधीच उत्तर धरून बसले होते. तुम्ही म्हणालात, “अंदाज बांधा, पण निकाल लावू नका.” पाच महिन्यांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पत्र त्याच्या पुढच्या दोन मिनिटांसाठी आहे.

शेवटचं वाक्य जसं ऐकलं तसं लिहा म्हणालात. मी लिहिलं, ‘टेल्मा’. बीपीची गोळी. नर्स दुसऱ्या नर्सला सांगतेय म्हटल्यावर गोळीच असणार. मोठ्यानं वाचल्यावर खोलीत हशा पिकला. मला घाम फुटला. मराठी शाळेतली, तालुक्याच्या गावची, उशिरा शिकलेली, सगळं एकदम आठवलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “सिस्टर, स्पेलिंग सोडा. कानाला जे आलं ते मराठीत लिहा.” मी लिहिलं: टेलिम नॉट्‌ट वेट. तुम्ही माझी वही घेतलीत आणि ती ओळ, माझ्या अक्षरांसकट, फळ्यावर मोठी उतरवलीत. “सिस्टरांनी बरोबर ऐकलंय. ती बाई हेच बोललीय.” मग त्याखाली लिहिलंत: टेल हिम नॉट टू वेट. मुलाला सांग, थांबू नकोस.

‘हिम’मधला ह कुठे गेला, असं कोणीतरी विचारलं. तुम्ही उलट विचारलंत, “आपण ‘पाहिजे’ला ‘पायजे’ म्हणतो, तिथला ह कुठे जातो? ‘येतो आहे’चं ‘येतोय’ होतं तेव्हा परक्या माणसाला ‘आहे’ ऐकू येत असेल का?” खोली गप्प झाली. वर्षानुवर्षं मला वाटायचं माझ्या कानातच खोट आहे. कान धड होता. मी छापील इंग्रजी ऐकायला बसत होते आणि समोरची बाई बोलीतलं बोलत होती.

मॅडम, चुकलेल्या माणसाचं अक्षर फळ्यावर मानानं लिहिणारी माणसं फार भेटत नाहीत. आमच्या कामातही नाहीत. नवीन मुलीकडून सलाइन शिरेबाहेर गेलं की सगळ्या वॉर्डासमोर तिचा उद्धार होतो. मीही केलाय. तो हल्ली मी करत नाही.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने केले: काय ऐकलं, काय होतं. महिनाभरानं उलटून पाहिलं तर मोठे शब्द जवळपास नव्हतेच. ‘हायपोकॅलेमिया’ मला नीट ऐकू यायचं, ‘हिम’ यायचं नाही. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची तर मी धास्तीच घेतली होती, कारण पेशंट खाऊ शकतो की नाही हे त्यावर ठरतं. शेवटचा ट शोधत बसू नका, तो बहुतेकदा गिळलेला असतो, असं तुम्ही सांगितलंत. स्वर ऐका. ब्रिटिश माणूस ‘ही कन ईट’ म्हणताना ‘कन’ उडवून टाकतो, ‘कान्ट’वर मात्र आ लांबवून जोर देतो. अमेरिकनाचा आ लांबत नाही, तिथे जोरावरून ओळखायचं.

क्लिपचा छापील मजकूर आधीच द्या म्हणून आम्ही किती भांडलो! तुम्ही तिसऱ्या वेळेपर्यंत कधीच दिला नाहीत. कागद हातात आला की डोळे वाचतात आणि कान झोपतात, म्हणायचात. क्लिपआधीची ती दहा मिनिटंही तुम्ही हळूहळू कमी करत नेलीत. पाच, दोन, आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पंधराच सेकंद, कारण परीक्षेत अशा छोट्या क्लिपआधी तेवढेच मिळतात आणि क्लिप एकदाच वाजते. आधी राग आला होता. प्रत्यक्ष परीक्षेत त्या पंधरा सेकंदांत माझी नजर आपोआप प्रश्नावर गेली, कोण कोणाशी बोलतंय ते पाहिलं आणि तीन पर्यायांत फरक काय तेवढंच धरलं. शेवटच्या लांबलचक भाषणात मात्र मध्येच वाट चुकले, ते तुमच्यापासून लपवत नाही.

क्लिप संपली की जोडीनं बसून तोच निरोप स्वतःच्या शब्दांत द्यायला लावायचात, त्याचा उपयोग तर मला कालच झाला. नायजेरियाहून शिकायला आलेल्या एका मुलाच्या आईला फोनवर त्याची तब्येत सांगायची होती. डॉक्टर ओटीत होते, मीच बोलले. त्या काय विचारत होत्या ते एका दमात कळलं. मध्ये एकदा ‘टेलिम’ आलं. टेलिम आय लव्हिम. मी वॉर्डात जाऊन सांगितलं.

रविवारी पेढे घेऊन येते. काकांना साखर आहे हे लक्षात आहे, त्यांच्यासाठी खारे शेंगदाणे.

तुमची,
मागच्या बाकावरची सिस्टर