सशाचा फोटो पाहून

प्रिय मोहन,

सशाचा फोटो मोठा करून पाहिला. तू विचारलं आहेस, अंग एवढं घाण झालंय तर आंघोळ घालू का? कृपा करून घालू नकोस. ही घाण बाहेरून लागलेली नाही, तिचं मूळ बहुतेक तोंडात आहे.

आधी दात बघ. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या दातांना पुढून जेमतेम झाकायला हवं. फोटोत खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन ओठाबाहेर वळलेत. हे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. एकमेकांवर घासले तरच ते झिजतात. जोड चुकली की झीज थांबते.

आता हनुवटी. तिथले केस ओले, चिकटलेले दिसतात, म्हणजे लाळ गळते आहे. त्यामुळे मला दाढांची जास्त काळजी वाटते. दाढांना टोकं फुटली की ती जिभेला आणि गालाला टोचतात, आणि फोटोत त्या कधीच दिसत नाहीत. पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केसही चिकटलेत. ससा नाक-तोंड पंजानेच पुसतो.

मागच्या बाजूला चिकटलंय ते जुलाब नसावेत. ससा स्वतःच्या मऊ, घोसासारख्या लेंड्या थेट गुदाशी तोंड लावून खातो. तोंड दुखत असेल तर त्या तशाच राहतात आणि केसांत लडबडतात. दातांनी केस विंचरणंही थांबतं, मग पाठीवर जटा होतात. म्हणून ओली हनुवटी, मागची घाण आणि पाठीवरच्या जटा या तुला तीन वेगळ्या वाटलेल्या तक्रारी मला एकच वाटतात. अर्थात लठ्ठ किंवा सांधे दुखणाऱ्या सशालाही मागे वळता येत नाही, तेव्हा खात्री तपासणीनंतरच.

आजच शेपटीखालचे केस बाजूला करून कातडी बघ. पावसाळ्यात अशा ओल्या घाणीवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. एक जरी अळी दिसली, किंवा 10-12 तासांत त्याने काहीच खाल्लं नसेल, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठ. नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तेवढाच भाग पूस आणि पूर्ण कोरडा कर. जटांना कात्री लावू नकोस. सशाची कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर सहज कापली जाते.

दात नेलकटरने तर मुळीच कापू नकोस. ते उभे चिरतात, चीर मुळापर्यंत गेली की पू होतो. सशांवर उपचार करणारा डॉक्टर ते छोट्या यंत्राने घासून देतो. दाढांसाठी भूल लागते. भूल द्यायची म्हणून त्याला उपाशी नेऊ नकोस, सशाला उलटी होत नाही. वजन लिहून ने, आणि जमलं तर अजून दोन फोटो पाठव: एक बाजूने जबड्याचा, एक डोळ्यांचा. वरच्या दातांची मुळं वाढली की अश्रुनलिका दबते आणि डोळ्यातून पाणी येतं.

तुझा,
श्रीकांत