सूचना: स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओचं निवेदन

नमस्कार. दोन्ही निवेदक विद्यार्थ्यांचं रेकॉर्डिंग शनिवारी सकाळी 7 वाजता शाळेच्या वाचनालयात आहे. नंतर रस्त्यावरचे हॉर्न माइकमध्ये येतात. पंखेही बंद ठेवू, त्यामुळे मुलांना पाणी द्या.

संहिता लिहिणाऱ्यांसाठी: मुलं स्पष्ट वाचतात तेव्हा सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. लेझीमची क्लिप 20 सेकंदांची आहे. तिच्यावर 40 शब्द लिहिले तर हलगी ऐकूच येणार नाही, आणि मला तरी तीच हवी आहे. मुलं लेझीम खेळताहेत हे दिसतंच. दिसत नाही ते सांगा.

ती: "चौथीच्या या मुलांनी महिनाभर मधल्या सुट्टीत गच्चीवर सराव केला."
तो: "पहिल्या दिवशी पावलं चुकायची. आता हलगी ऐका!"

हे 16 शब्द, म्हणजे आठेक सेकंद. उरलेले 12 सेकंद दोघंही गप्प, हलगी पूर्ण आवाजात.

एकच वाक्य दोघांत तोडू नका. सूर जुळत नाही, जोड लगेच कानाला खटकतो. क्लिप लावून, घड्याळ धरून मोठ्यानं वाचून बघा आणि सुधारलेली संहिता गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच टाका.