गरोदरपणातली कोणती धाप नेहमीची नाही, हेही छापा

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला गरोदरपणावरचा लेख वाचला. ‘धाप लागणे नैसर्गिक आहे, घाबरू नका’ असे त्यात पुन्हापुन्हा बजावले आहे. डॉक्टरांकडे कधी धावायचे, याबद्दल मात्र एक ओळ नाही. म्हणून हे पत्र.

आठव्या महिन्यापर्यंत रक्तातला पातळ भाग जवळजवळ दीडपट होतो. तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरलेले दिसते. एरवी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलणाऱ्या हृदयाला आता सात लिटरपर्यंत ढकलावे लागते आणि नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते. निरोगी हृदय हे पेलते. जिना चढताना लागणारी धाप ती हीच.

माझ्या धाकट्या बहिणीचे हृदय निरोगी नव्हते, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा. सातव्या महिन्यात तिला आडवे झोपता येईना. रात्री गुदमरून उठायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची. जिथे नाव घातले होते तिथेही ‘दिवस भरत आले की असं होतंच’ हेच ऐकवले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टूडी इको करायला लावली. त्या जुन्या संधिवाताच्या तापाने हृदयाची डावीकडची झडप अरुंद झाली होती. अशा झडपेतून रक्त खालच्या कप्प्यात उतरायला वेळ लागतो. नाडी वाढली की दोन ठोक्यांमधला तो वेळच कमी होतो आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. नाडी कमी करणाऱ्या आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी तिला उतार पडला.

मूल झाले तेव्हा ‘सुटली एकदाची’ असे आम्हाला वाटले. पण डॉक्टर तिला अतिदक्षता विभागातून हलवेनात. बाळंत होताच गर्भाशय आवळते, तिथे जाणारे रक्त उरलेल्या शरीराकडे वळते आणि हृदयावर सर्वांत जास्त भार त्याच वेळी येतो. पुढचे एक-दोन दिवस अशा बाईला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. तुमचा लेख बाळंतपणापाशीच संपतो.

आणखी एक. लेखासोबत दिवस भरलेली बाई पाठीवर उताणी झोपलेली दाखवली आहे. त्या दिवसांत तसे झोपले की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब उतरून घेरी येते. कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपलेल्या बाईचे छायाचित्र मिळाले नाही का?

आडवे होताच दम लागणे, रात्री गुदमरून जाग येणे, खोकल्यातून गुलाबी फेस पडणे, स्वस्थ बसूनही नाडी शंभराच्या वर राहणे: यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढे तरी पुढच्या पुरवणीत ठळक छापा.

– एक वाचक, सातारा