पेपर टाकण्याआधी एक आठवडा थांब

श्टुटगार्ट, १४ जून २०२६

तीर्थरूप आई-बाबांस सा. न. वि. वि.
चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

आई, तुझा निरोप मिळाला. उद्या अमावास्या, अधिक महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणून छोटूनं उद्या राजीनामा देऊ नये असं तुझं म्हणणं. यावेळी मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे. ते नीट सांगते, बाबांनाही वाचून दाखव.

छोटू, तू पाठवलेला मेलचा मसुदा आणि तुझं नेमणूकपत्र मी काल रात्री शेजारी शेजारी ठेवून वाचलं. नोटीस ६० दिवसांची. तू उद्या, म्हणजे १५ जूनला मेल केलास तर दुसऱ्या दिवसापासून मोजून साठावा दिवस येतो १४ ऑगस्ट. आता नेमणूकपत्रावरची रुजू तारीख बघ: १६ ऑगस्ट २०२१. तुझी पाच वर्षं पूर्ण होतात १५ ऑगस्टला. एका दिवसाने ग्रॅच्युइटी हुकते! तुझा बेसिक २०,८०० आहे. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की १२,००० येतात, आणि पाच वर्षांचे ६०,००० रुपये. चार वर्षं आणि वर २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी द्यावी, असे निकाल काही न्यायालयांनी दिलेत हे मला माहीत आहे. पण ज्या साहेबांनी तुला हाताला धरून काम शिकवलं त्यांच्याशी निकालाचे कागद नाचवत भांडायचं का? त्यापेक्षा पुढच्या सोमवारी, २२ जूनला मेल कर. साठावा दिवस २१ ऑगस्ट येतो, शुक्रवार.

त्याआधी या आठवड्यात चाकणच्या नव्या कंपनीच्या एचआरला फोन कर आणि रुजू व्हायची तारीख १७ ऐवजी २४ ऑगस्ट करून माग. सात दिवसांसाठी सहसा कुणी अडून बसत नाही. मात्र होकार फोनवर नको, मेलवर घे. तो हातात आल्याशिवाय भोसरीत, आताच्या कंपनीत, तोंड उघडू नकोस.

तारखेवर मी एवढा वेळ घालवते आहे कारण मी स्वतः तिथेच ठेचकाळले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी जुनी नोकरी सोडली तेव्हा महिन्याच्या २९ तारखेला छान, मनापासून लिहिलेला मेल केला आणि निर्धास्त झाले. दोन दिवसांनी तिथल्या एचआरच्या बाईंचं उत्तर आलं की मेल मिळाला, आभार, पण सहीचा कागद हवा. जर्मनीच्या दिवाणी संहितेचं कलम ६२३ सांगतं की नोकरी संपवायची तर ती लेखी, हाताने सही करून. ईमेल चालत नाही. माझा कागद पोचला पुढच्या महिन्याच्या २ तारखेला. माझी नोटीस तीन महिन्यांची आणि महिन्याअखेरीस संपणारी, त्यामुळे सगळंच एक महिना पुढे ढकललं गेलं. नवे लोक थांबले म्हणून निभावलं. आपल्याकडे मेल चालतो, पण तुझ्या नेमणूकपत्रात ‘लेखी कळवावे’ एवढंच आहे. तेव्हा मेल कर आणि त्याचीच प्रिंट सही करून ऑफिसात दे. दुसऱ्या प्रतीवर ‘पोहोच’ म्हणून सही-शिक्का घेऊन ती घरी ठेव.

आधी साहेबांना समोर बसून सांग. सकाळी शॉपमध्ये चक्कर मारून ते केबिनमध्ये येतात, चहा येतो, ती वेळ बरी. त्यांनी मेलमधून पहिल्यांदा वाचावं हे बरं दिसत नाही. ते पगार वाढवून देतो म्हणतील, कदाचित लगेच. त्याचं उत्तर आदल्या रात्री ठरवून जा. तू नवा शब्द दिला आहेस, तो मोडायचा नाही, एवढंच शांतपणे सांग. आणि ‘जुलैअखेर मोकळा हो’ असं प्रेमानेच म्हणाले तर सरळ सांग की १५ ऑगस्टला पाच वर्षं होतात, म्हणून मला २१ पर्यंत राहू द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मेल. तुझ्या मसुद्यात ‘आपल्या संस्थेत मला खूप काही शिकायला मिळाले’ असं आहे. छोटू, हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतो. तुझ्याकडे खरं सांगण्यासारखं आहे ना. पहिल्याच वर्षी तुझ्या सहीने ४०० नग पास झाले आणि आतली बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कोर, तशीच राहिली म्हणून ग्राहकाकडून परत आले. त्या रात्री तू जेवला नव्हतास, आईने मला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी साहेब तुला गाडीत बसवून ग्राहकाकडे घेऊन गेले आणि तिथे ‘चूक आमच्या कंपनीची’ म्हणाले, तुझं नाव घेतलं नाही. त्यासाठी आभार मान. हे त्यांच्याही लक्षात असेल.

‘सर्व कामे व्यवस्थित हस्तांतरित करीन’ हेही काढ. साहेबांना राजीनामा वाचल्यावर पहिली धास्ती कशाची वाटेल? ऑगस्टमध्ये गेजचं कॅलिब्रेशन आहे, नव्या ब्रॅकेटची पीपीएपी फाईल, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीचे कागद, अर्धी आहे, एका तक्रारीचं ८डी, म्हणजे कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, उघडं आहे, हे सगळं कोण बघणार याची. म्हणून ती तीन कामं नावानिशी लिही, प्रत्येकापुढे तारीख टाक. मेल मी असा लिहिला आहे, तुझ्या शब्दांत बदलून घे:

विषय: राजीनामा – शेवटचा दिवस २१ ऑगस्ट २०२६

आदरणीय साहेब,

आज सकाळी आपल्याशी बोलल्याप्रमाणे, मी क्वालिटी इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील ६० दिवसांच्या नोटिशीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस २१ ऑगस्ट २०२६ राहील. मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे.

पहिल्या वर्षी ४०० नग परत आले तेव्हा आपण मला सोबत घेऊन ग्राहकाकडे गेलात आणि जबाबदारी स्वतःवर घेतलीत. त्या दिवसानंतर मी एकही नग आतून बोट फिरवल्याशिवाय पास केला नाही. आपला मी मनापासून आभारी आहे.

नव्या ब्रॅकेटची पीपीएपी फाईल मी १५ जुलैपर्यंत पूर्ण करून ग्राहकाला पाठवीन. प्रलंबित तक्रारीचा ८डी अहवाल ३१ जुलैपर्यंत बंद करण्याचा प्रयत्न आहे. ग्राहकाची मंजुरी राहिली तर त्याची स्थिती लिहून देईन. ऑगस्टमध्ये मुदत संपणारे गेज १० ऑगस्टपूर्वी लॅबला पाठवीन आणि त्यांची यादी स्टोअरमध्ये देईन. हे काम कोणाकडे सोपवायचे ते आपण या आठवड्यात ठरवावे, म्हणजे त्यांना शिकवायला मला पुरेसा वेळ मिळेल.

राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटच्या तारखेचे उत्तर याच मेलवर द्यावे, ही विनंती.

आपला नम्र

एवढंच. नव्या कंपनीचं नाव नको, पगार नको, ओव्हरटाइमची जुनी कुरबूर तर अजिबात नको. सीसीमध्ये अकाउंट्सच्या ताईंना ठेव, कारण हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर त्यांच्याच हातून निघणार आहे.

‘प्रयत्न आहे’ हे शब्द मी मुद्दाम ठेवलेत. ८डी बंद करणं तुझ्या हातात नाही, ग्राहकाने होकार द्यायला हवा. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन राजीनाम्यात देऊ नये, जाताना तेच एक काम अपुरं राहिलं म्हणून लक्षात राहतं.

खरी गोम मात्र कागदावर नसलेल्या गोष्टींची आहे. मागे तू फोनवर म्हणाला होतास की तीन नंबरच्या लेथवर सकाळी मशीन गार असतं, पहिल्या तासात व्यास दहाएक मायक्रॉन सरकतो, म्हणून तू पहिले पाच नग स्वतः मोजून ऑफसेट द्यायला लावतोस. हे कंट्रोल प्लॅनमध्ये आहे का? नसेल तर तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात रिजेक्शन वाढेल आणि कुणालाच कारण सापडणार नाही. अशा गोष्टी आठवतील तशा एका वहीत लिही. एका बैठकीत बसून त्या आठवत नाहीत, हातात काम असतानाच आठवतात.

आणि शिकवलं म्हणजे पोचलं असं धरू नकोस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तू दोन दिवस रजा घे, नियमात बसवून. त्या दोन दिवसांत ज्या ज्या कारणासाठी तुला फोन येईल, तेवढं शिकवायचं राहिलं आहे असं समज. परत आल्यावर तेवढंच शिकव. शेवटच्या आठवड्यात इन्स्पेक्शन तुझ्या जागी येणाऱ्याला करू दे, तू नुसता शेजारी उभा राहा. यंदा अधिक ज्येष्ठामुळे पालखी जुलैत आहे. आळंदीहून पालखी निघते त्या दिवशी दिघीचा रस्ता बंद असतो, तो दिवस शिकवण्याच्या हिशेबात धरू नकोस.

शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर हातात घे आणि अकाउंट्सच्या ताईंना पीएफच्या साइटवर तुझी सोडल्याची तारीख भरायची आठवण कर. ती भरली नाही तर पीएफ नव्या खात्यात जाताना अडतो. दोन महिने उलटल्यावर आपल्यालाही ती भरता येते, पण तेवढे दिवस कशाला लोंबकळायचं.

बाबा, २२ तारखेला तो निघताना सही केलेल्या दोन्ही प्रती फायलीत आहेत ना एवढं तुम्ही बघा. आई, त्या दिवशी त्याच्या हातावर दही ठेव. आणि छोटू, साहेब काय म्हणाले ते मला संध्याकाळी कळव. इथे तेव्हा दुपार असेल, मी फोन जवळ ठेवीन.

तुमची,
ताई