छेना कुठवर मळावा : अनंतास पत्र

पंचवटी, नाशिक
14 डिसेंबर

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दिवाळीत केलेले रसगुल्ले पाकात फुटून त्याची खीर झाली, म्हणून पुढच्या वेळी तू छेना अर्धा तास मळलास, आणि मग ते रबराच्या चेंडूसारखे चिवट झाले, हे वाचून मला हसू आले. पण ते तुझ्यावर नव्हे, माझ्यावरच. मीही नेमक्या याच वाटेने गेलो आहे. हे दोन दोष तुला वेगवेगळे वाटतात आणि त्यांवर तू दोन वेगळे उपाय विचारले आहेस. माझ्या अनुभवाने दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते : छेन्यात ओल किती उरली आहे आणि त्या ओलीला धरून आपण तो कुठवर मळला आहे. म्हणून पाककृती पहिल्यापासून लिहीत बसत नाही. दूध आणि पाक यांविषयी लागेल तेवढेच सांगून मळण्याकडे येतो.

दूध गाईचेच घे. आपल्याकडे तबेल्यातून घरोघर येते ते बहुधा म्हशीचे, आणि श्रीखंड-बासुंदीला ते उत्तमच; पण त्याचा छेना जात्याच घट्ट आणि रवाळ बनतो व कितीही मळला तरी रसगुल्ला जड होतो. एक लिटर दूध उकळले की आचेवरून उतरवून चारपाच मिनिटे थांबावे. मग दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात तितकेच पाणी मिसळून ते चमच्याचमच्याने घालावे आणि दूध फाटून हिरवट, स्वच्छ निवळी दिसू लागताच उरलेला रस तसाच ठेवून द्यावा. त्याच क्षणी गार पाणी ओतावे. फाटलेले दूध गरम निवळीत राहिले तर छेना शिजत जातो आणि आक्रसून कडक होतो. पुढे येणाऱ्या चिवटपणाची सुरुवात पुष्कळदा इथेच होते. नंतर मलमलच्या फडक्यात गाळून आंबटपणा जाईपर्यंत पाण्याखाली धुवावा.

आता माझी फजिती सांगतो. आपण चक्का बांधणारी माणसे. फडके दिसले की ते रात्रभर खुंटीला टांगायचे, हे हातालाच ठाऊक. पहिल्या खेपेस मी छेना तसाच रात्रभर टांगला आणि सकाळी कोरडा ठणठणीत गोळा हाती आला, तो तोलून पाहिला तर 140 ग्रॅम भरला. परातीत घेऊन पंधरा मिनिटे रगडला, तरी रव्यासारखे कण काही मिळून येईनात. शेवटी हाताला तूप लागू लागले, गोळ्यांना चिरा पडल्या, अर्धे पाकात फुटले आणि जे टिकले ते दाताखाली करकरले. म्हणजे तुझे दोन्ही दोष मी एकाच पातेल्यात पाहिले! पुढच्या खेपेस तेवढ्याच दुधाचा छेना केवळ चाळीस मिनिटे टांगला. तो भरला 175 ग्रॅम. हा 35 ग्रॅमचा फरक म्हणजे सगळे पाणीच, आणि रसगुल्ला मऊ होण्यासाठी तेच पाणी लागते.

टांगून झाल्यावर छेना पुरेसा ओला आहे की नाही, हे घड्याळापेक्षा मुठीत कळते. थोडा छेना मुठीत घेऊन दाबावा. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकले तर अजून दहा मिनिटे टांगावा. पाणी न ठिबकता तळवा नुसता दमट झाला आणि मुठीचा ठसा गोळ्यावर तसाच राहिला, तर तो मळण्याजोगा आहे. मूठ उघडताच गोळा भुगा होऊन विस्कटला तर तो फार कोरडा समजावा. अशा वेळी चमचाभर पाणी शिंपडून, झाकून दहा मिनिटे ठेवले तर बरेचसे सावरता येते, पण मुळात नीट टांगलेल्याची सर त्याला येत नाही.

मळण्याचा हात कणकेचा नव्हे. कणीक आपण मुठीने तिंबतो, दुमडतो, पुन्हा तिंबतो; छेन्याला तसे केले तर कण नुसते एकमेकांवर दाबले जातात, फुटत नाहीत. इथल्या एका मिठाईच्या दुकानात कामाला असलेल्या बंगाली कारागिराने मला हात धरून दाखवले. छेन्याचा लहानसा भाग परातीच्या कडेशी घ्यायचा आणि मनगटाजवळची तळहाताची गादी टेकवून तो पुढे घासत न्यायचा, चंदन सहाणेवर उगाळावे तसा. परातीवर पातळ थर पसरतो. सगळा छेना असा पुढे गेला की उलथन्याने गोळा करून पुन्हा पहिल्यापासून. जोर मनगटात नको, खांद्यातून येऊ द्यावा. तू मिक्सरचे विचारले आहेस. दोनचार सेकंदांचे एकदोन फेरे चालतील, पण पाते छेना तापवते आणि तापला की त्यातला स्निग्धांश सुटू लागतो. तो सुटल्याचे मिक्सरच्या भांड्यात हाताला कळत नाही, हीच त्यातली अडचण.

या घासण्याने होते काय, ते ध्यानात आले की कुठे थांबायचे तेही उमजते. फाटलेल्या दुधाचे कण सुटे असतात. घासल्याने ते फुटून एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एकसंध, लवचीक लगदा होतो, ज्यात पाणी आणि स्निग्धांश सारखे विखुरलेले असतात. असा गोळा उकळत्या पाकात पडला की आतल्या ओलीची वाफ होते, ती सगळीकडून सारखी ताणते, लगदा ताण सोसतो आणि गोळा फुगून आत बारीक जाळी पडते. मळणे कमी झाले असेल तर कणांमधले सांधे कच्चे राहतात, वाफ तिथून वाट काढते आणि गोळा फुटतो. जास्त झाले तर स्निग्धांश वेगळा होऊन बाहेर येतो, लगदा दाट आणि कोरडा पडतो, वाफेला जागाच मिळत नाही. मग गोळा फुगतही नाही आणि मऊही राहत नाही.

थांबण्याची जागा या दोहोंच्या मधे आहे आणि ती अरुंद आहे. सुरुवातीला छेना हाताला रवाळ लागतो व परातीला चिकटतो. चारपाच मिनिटांनी तो लोण्यासारखा पसरू लागतो, तरी बोटांत चोळला तर कण जाणवतात. आणखी थोड्या वेळाने कण लोपतात, गोळा परात सोडून आपोआप एकत्र येतो आणि तळव्यावर किंचित चमक दिसते. हीच खूण. तळवा नुसता चमकला की थांबावे. तळवा तुपकट झाला, परातीवर तेलकट डाग दिसू लागले, तर आपण पुढे निघून गेलो असे समजावे. मला याला आठदहा मिनिटे लागतात, पण हा आकडा तू प्रमाण मानू नकोस. सध्या नाशिकच्या थंडीत, गार पाण्याने धुतलेला छेना आधी थोडा वेळ बाहेर ठेवला तरीही दहाबारा मिनिटे जातात. मे महिन्यात तीच चमक सहा मिनिटांत येते, कारण स्निग्धांश आधीच सैल झालेला असतो. तुझ्या सोलापुरात उन्हाळ्यात तर आणखी जपावे लागेल. तुझा अर्धा तास वाचून मला नेमकी हीच शंका आली.

लिटरभर दुधाच्या छेन्याला मी एक सपाट छोटा चमचा मैदा शेवटच्या मिनिटात मळून घेतो. तो कारागीर मैद्याला नाक मुरडत असे, पण त्याचा हात रोजचा होता, आपला सणासुदीचा. याहून जास्त घातला तर रसगुल्ला पिठूळ लागतो.

मग साधारण 12 ग्रॅमचा एक असे 14 गोळे होतात. तळहातांमध्ये प्रथम दाबून आणि मग हलक्या हाताने फिरवून वळावेत. एकही चीर राहता कामा नये, कारण पाकात गोळा जवळजवळ दुप्पट होतो आणि केसाएवढी चीर तिथे तोंड वासते. सगळे वळण्याआधी एकच लहान गोळी करून उकळत्या पाकात सोडून पाहावी. ही चाचणी मी कधी टाळत नाही. गोळी पाचसहा मिनिटांत विरघळू किंवा फुटू लागली तर उरलेला छेना आणखी दोन मिनिटे मळावा. ती न फुगता गच्च राहिली तर छेना कोरडा आहे. उरलेल्यावर पाण्याचा हात फिरवून तो हलकेच एकत्र करावा.

पाकाविषयी थोडेच. गुलाबजामाच्या पाकाची सवय इथे विसरावी. 350 ग्रॅम साखरेला सव्वा लिटर पाणी, म्हणजे हाताला चिकटपणा जेमतेम जाणवावा इतका पातळ पाक, आणि भांडे असे रुंद की गोळे दुप्पट झाले तरी एकमेकांना खेटू नयेत. खळखळून उकळी आल्यावरच गोळे सोडावेत, वर झाकण ठेवावे आणि आच मोठीच राहू द्यावी, म्हणजे फेस गोळ्यांवर चढत राहतो व ते सर्व बाजूंनी सारखे शिजतात. उकळी मंदावली तर फुगलेले गोळे बसतात. पंधरा मिनिटांत पाणी आटते आणि पाक घट्ट होऊ लागतो. घट्ट पाक गोळ्यातले पाणी ओढून घेतो, मग तो आक्रसतो आणि चिवट होतो. म्हणून शेजारच्या शेगडीवर उकळते पाणी तयार ठेवावे आणि दर चारपाच मिनिटांनी त्यातले अर्धी वाटी पातेल्याच्या कडेने सोडावे. गार पाणी घालू नये, उकळी मोडते. एक गोळा वाटीभर पाण्यात टाकून पाहावा. तो तळाशी गेला आणि बोटाने दाबल्यावर पुन्हा पूर्ववत झाला की गॅस बंद करावा. त्यापुढे शिजवत राहिले तर नीट मळलेला छेनाही रबर होतो. तुझी दुसरी खेप पंचवीस मिनिटे शिजली असे तू लिहिले आहेस, तेव्हा सगळा दोष मळण्यावर ढकलू नकोस.

एवढे करून तुझी पुढची खेप कशी होते ते कळव. मात्र या वेळी टांगून झाल्यावर छेन्याचे वजन, आणि तळव्यावर चमक यायला लागलेली मिनिटे, हे दोन आकडे पत्रात अवश्य लिही. त्यांवाचून इथे बसून मला काही सांगता यायचे नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव