बाबा, ते ४१७ रुपये तुमचेच आहेत

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेले पासबुकाच्या पानाचे फोटो मिळाले. बाबा, तुम्ही समासात पेन्सिलीने केलेला हिशोबही वाचला. तुमच्या हिशोबाने जुलै ते सप्टेंबरचं व्याज २०८ रुपये, आणि पासबुकात जमा ४१७. "दुसऱ्या कुणाचं तरी आपल्या खात्यावर पडलंय, महाद्वार रोडच्या शाखेत जाऊन परत करून येतो," असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. जाऊ नका. पैसे तुमचेच आहेत.

तुमचं गणित चुकलेलं नाही, पण ते जुन्या नियमाचं आहे. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असायची, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. म्हणून तर पगार झाला की दहाच्या आत बँक गाठायची तुमची घाई असायची. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून तो नियम बदलला. आता रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल, तिच्यावर त्या एका दिवसाचं व्याज धरतात, आणि तुमची बँक ते साठवून तिमाहीला एकदम जमा करते.

आता तुमच्याच नोंदी घेऊ. १ ते १४ जुलै, म्हणजे १४ दिवस, शिल्लक ४०,००० होती. १५ जुलैला मुदत ठेवीचे एक लाख आले आणि शिल्लक १,४०,००० झाली. १३ ऑगस्टला तुम्ही १,१०,००० काढलेत. पैसे काढले त्या दिवशीची शिल्लक कमी झालेलीच धरायची, म्हणून मोठी रक्कम राहिली १५ जुलै ते १२ ऑगस्ट, २९ दिवस. पुढे ३० सप्टेंबरपर्यंत ४९ दिवस ३०,००० होते. चौदा, एकोणतीस आणि एकोणपन्नास मिळून ९२, म्हणजे तिमाहीचे दिवस जुळले. ही बेरीज आधी करायची, कारण बहुतेक घोळ दिवस मोजतानाच होतो.

मग शिल्लक गुणिले दिवस. पहिल्या टप्प्याचे ५,६०,०००, दुसऱ्याचे ४०,६०,०००, तिसऱ्याचे १४,७०,०००. एकूण ६०,९०,०००. याला व्याजदराच्या अडीचने गुणून ३६,५०० ने, म्हणजे ३६५ दिवस गुणिले शंभरने, भागा. ४१७ रुपये १२ पैसे येतात, बँकेने वरचे पैसे सोडून ४१७ धरले.

तुमच्या पद्धतीत जुलैला ४०,०००, ऑगस्टला ३०,००० आणि सप्टेंबरला ३०,००० एवढेच धरले गेले. ते लाख रुपये २९ दिवस खात्यात होते, पण तुमच्या कागदावर कुठेच आले नाहीत. एरवी खात्यात फारशी हालचाल नसते, म्हणून दोन्ही उत्तरं जवळपास येत असतील आणि हा फरक इतकी वर्षं डोळ्यांत भरला नसेल.

पुढच्या वेळी फरक निघाला, तर आधी तो किती आहे ते बघा. रुपयाभराचा असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: अडीच टक्क्यांनी एका लाखाचं एका दिवसाचं व्याज ६ रुपये ८५ पैसे होतं. समजा ४८ रुपये कमी पडले, तर ते लाखाचं सात दिवसांचं व्याज. अशा वेळी एखादा लाखाचा चेक शोधायचा. चेक काउंटरवर दिला त्या दिवसापासून व्याज सुरू होत नाही, तो वटून रक्कम खात्यात आली की मग होतं. तुम्ही डायरीत चेक दिल्याची तारीख लिहिता, त्यामुळे डायरीवरून हिशोब केलात तर तो बँकेपेक्षा जास्तच येणार. तारखा पासबुकातल्याच घ्या. त्या घेऊनही फरक राहिला, तर तिमाहीच्या मध्येच व्याजदर बदलला होता का, ते शाखेत विचारा. बदलला असेल तर त्या तारखेला दोन तुकडे करून गुणाकार करायचा. तेही नसेल, तेव्हाच अर्ज लिहा, आणि त्यात गुणाकाराचा हा कागद जोडा. नुसतं "व्याज कमी आलंय" म्हणालात तर काउंटरवरचा माणूस काय तपासणार?

आई, तुझं पोस्टातलं बचत खातं मात्र वेगळं. तिथे दहा तारखेचाच नियम आजही आहे, दर चार टक्के, आणि व्याज वर्षातून एकदाच, मार्चअखेर जमा होतं. त्यामुळे तिथे भरायचे ते दहाच्या आत भर, आणि काढायचे असतील तर महिना पालटल्यावर काढ. पंचवीस तारखेला काढलेस, तर काढलेल्या रकमेवर त्या महिन्याचं काहीच मिळणार नाही. बाबांची जुनी सवय तुझ्या खात्याला अजून लागू पडते, एवढं त्यांना सांग म्हणजे ते खूश होतील.

दिवाळीला येतेय. तोवर डिसेंबरच्या तिमाहीसाठी १ ऑक्टोबरपासूनच्या नोंदी छापून घ्या, आणि सुरुवातीच्या शिल्लकेत हे ४१७ धरायला विसरू नका, आता त्यांच्यावरही व्याज आहे.

तुमची,
ताई